रिझुमेतली ‘मराठी, हिंदी, इंग्लिश’ ही ओळ खरी कशी लिहायची आणि कुठे लिहायची

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी तहसीलसमोर माझं ऑनलाईन फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, सातबारा हे चालूच असते, त्याच्यासोबत दिवसाला दोन-तीन रिझुमे पण टाईप होतात. त्यातली एक ओळ मी कित्येक वर्षं कोणाला न विचारताच टाकून देत होतो. ‘लँग्वेजेस नोन – मराठी, हिंदी, इंग्लिश’. विचारायचं काय त्यात, आपल्याकडच्या प्रत्येक पोट्ट्याला तिन्ही येतात असंच धरून चाललेलं, आणि खाली लगेच ‘वरील माहिती खरी आहे’ म्हणून सही.

मग मागच्या वर्षी दारव्ह्याकडच्या एका खेड्यातली पोरगी आली. बीकॉम झालेली, एक वर्ष एका पतसंस्थेत काउंटरवर बसलेली, नागपूरच्या एका कस्टमर केअरच्या नोकरीसाठी रिझुमे पाहिजे होता. मी नेहमीसारखा करून दिला, आणि चांगलं दिसावं म्हणून इंग्लिशपुढे ‘फ्लुएंट’ असं पण मीच टाकलं. चार दिवसांनी ती परत आली.

"भाऊ, तिकडून फोन आला होता. बाईनं इंग्लिशमधी विचारलं, मले समजलं सगळं, पण तोंडातून शब्दच नाही निंगला. मंग ती हिंदीत म्हणाली की रिझुमेत तर फ्लुएंट लिहिलंय, अन् फोन ठेवला."

जाहिरात काढून पाहिली तर लिहिलेलं होतं की मराठी आणि हिंदी चांगली पाहिजे, इंग्लिश कामापुरती चालेल. म्हणजे जे त्यांनी मागितलंच नव्हतं ते मी फुगवून लिहिलं आणि त्याच्यापायी पोरीचा चान्स गेला. तेव्हापासून ही ओळ मी विचारून लिहितो, आणि कशी ते इथे सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे ‘भाषा येते’ हे एक काम नाही, चार कामं आहेत. ऐकून समजणं, बोलणं, वाचणं आणि लिहिणं. चारही सारखी येत असतील असं अजिबात नाही, आणि आपल्या विदर्भातल्या खेड्यातल्या पोरापोरींचं तर तिन्ही भाषांत हे चित्र वेगवेगळं निघते. इतक्या जणांना बसवून विचारल्यावर माझ्या लक्षात आलं की हिंदी आपण झकास बोलतो पण लिहिता येत नाही, इंग्लिश बऱ्यापैकी वाचतो पण बोलता येत नाही, आणि मराठी तर घरचीच आहे म्हणून तिच्याबद्दल कोणी विचारच करत नाही. एका शब्दात ‘फ्लुएंट’ किंवा ‘गुड’ लिहिलं की यातली एक बाजू खोटी पडते आणि दुसरी खरी असूनही दिसत नाही.

त्या पोरीला मी दुपारी गिऱ्हाईक कमी असते तेव्हा बोलावलं आणि अर्धा-पाऊण तास बसवलं. काय काय केलं ते सांगतो, घरी कोणालाही करता येईल.

हिंदीपासून सुरू केलं कारण तिला हिंदीची खात्री होती. आपल्याकडे ती असतेच, बाजारात हिंदी, बसमध्ये हिंदी, टीव्ही हिंदी, आणि हा सगळा भाग आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, मग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता त्यामुळे हिंदी इथे परकी कधी नव्हतीच. मी माझ्या फोनवरून तिला फोन लावला, दुकानाच्या मागच्या बाजूला उभा राहून, आणि गिऱ्हाईक झालो की माझा हप्ता दोनदा कटला. बोलली मस्त, घाबरली नाही, माणसाला शांत पण केलं. पण पहिलंच वाक्य होतं, "सर, मेरा आवाज आ रहा है क्या?" मराठीत आवाज ‘तो’ असतो, हिंदीत आवाज ‘ती’ आहे, मेरी आवाज़ आ रही है. पुस्तकाचं पण तसंच, आपल्याकडे ‘ते’ आणि हिंदीत स्त्रीलिंगी. चहा आपला ‘तो’ आणि त्यांची चाय ‘ती’. गावात कोणी हसत नाही कारण सगळेच तसं बोलतात, पण समोर कानपूरचं गिऱ्हाईक असलं की त्याला लगेच कळते. यानं काम अडत नाही, म्हणून याला मी कमी मार्क देत नाही, फक्त ‘नेटिव्ह’ लिहू नये इतकंच.

काम अडते ते आकड्यात. मी म्हणालो रक्कम लिहून घे, पाँच हज़ार उन्यासी. तिनं लिहिलं ५०८९. उन्यासी म्हणजे ७९, आणि ८९ ला हिंदीत नवासी म्हणतात. मराठीत एकोणऐंशी आणि एकोणनव्वद, दोन्हीला ‘एकोण’ लागते म्हणून आपल्या डोक्यात तो हिशोब पक्का बसलेला, आणि हिंदीत ८९ ला नेमका ‘उन’ लागत नाही. उनसठ ५९, उनहत्तर ६९, हे पण एकदम ऐकलं की गडबड होते. फोनवर पैशाचं काम करायचं तर हे आकडे पाठच पाहिजे, आणि ते एका आठवड्यात पाठ होतात, तिचे झाले.

मग लिहायला दिलं, गिऱ्हाईकाला हिंदीत पाच ओळींचा मेसेज. तिनं लिहिलं ‘कृषी लोन की माहिती’. मराठीत शेवटची वेलांटी दीर्घ येते म्हणून आपण कृषी, शक्ती, तिथी असंच लिहितो, हिंदीत तेच कृषि, शक्ति, तिथि असं ऱ्हस्व असते. आणि माहिती हा शब्द हिंदीत नाहीच, तिथे जानकारी. असे सारखे दिसणारे शब्द लय फसवतात, आपली ‘शिक्षा’ म्हणजे दंड आणि त्यांची शिक्षा म्हणजे शिक्षण, आपली ‘चेष्टा’ म्हणजे टिंगल आणि त्यांची चेष्टा म्हणजे प्रयत्न. दहावीला संयुक्त हिंदी घेतलं होतं, म्हणजे ५० मार्कांचं, त्यानंतर हिंदी लिहायचा प्रसंगच आला नाही. वाचून मात्र सगळं समजते. तर हिंदीचा हिशोब निघाला असा की ऐकणं, बोलणं, वाचणं चांगलं, लिहिणं कामचलाऊ.

इंग्लिशमध्ये उलटं झालं. बँकेचा एक इंग्लिश ईमेल दिला, तीन परिच्छेदांचा, आणि म्हणालो यात काय करायला सांगितलंय आणि कोणत्या तारखेच्या आत ते मराठीत सांग. बरोबर सांगितलं, फक्त एक शब्द अडला. बीकॉमचे शेवटचे पेपर इंग्लिशमध्ये दिले होते, वाचायची सवय होती. मग त्याच ईमेलला उत्तर लिहायला लावलं, गुगल बंद करून, वीस मिनिटं. चार वाक्यं लिहिली, काळाच्या दोन चुका होत्या पण वाचणाऱ्याला मुद्दा कळत होता. मग म्हणालो आता कालच्या दिवसभरात काय केलं ते दोन मिनिटं इंग्लिशमध्ये बोल, मोबाईलवर रेकॉर्ड कर. पंचवीस-तीस सेकंदांत गाडी थांबली.

हे दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग मला सगळ्यात खरं माप वाटते. ‘माय नेम इज’ पासून ‘माय हॉबीज आर’ पर्यंतचं पाठ केलेलं भाषण नाही धरायचं, ते सगळ्यांनाच येते, त्यानं स्वतःचीच फसवणूक होते. आदल्या दिवसाचं विचारायचं, कारण ते पाठ केलेलं नसते. दोन मिनिटं अडखळत का होईना पण थांबून मराठीत न घुसता बोललं, तर बोलण्यापुढे ‘वर्किंग’ लिहायला हरकत नाही. अर्ध्या मिनिटात थांबलं तर ‘बेसिक’. आणि समोरच्यानं मध्येच प्रश्न विचारला तरी बोलणं चालू राहिलं आणि चुका झाल्या तरी स्वतःच सुधारता आल्या, तरच ‘फ्लुएंट’ हा शब्द वापरायचा. आमच्या दुकानात आलेल्यांपैकी या शब्दाला पात्र असे फार थोडे निघाले, आणि गंमत म्हणजे त्यातल्या एकानं स्वतःहून ‘बेसिक’ लिहा म्हटलं होतं, कारण त्याला आपले उच्चार गावठी वाटत होते. उच्चार गावठी असणं आणि भाषा न येणं हे वेगळं आहे. समजलं आणि समजावता आलं की झालं.

आता मराठी. इथे सगळे ‘मदर टंग’ लिहून मोकळे होतात. मातृभाषा हा जन्माचा पुरावा आहे, कामाचा नाही. घरी आपण वऱ्हाडी बोलतो, मले, तुले, कायले, डोळ्याला डोया आणि केळीला केयी, आणि त्यात कमीपणाचं काही नाही, गावात फिरून काम करायचं तर तेच पाहिजे. पण ऑफिसात मराठी म्हणजे अर्ज, नोटीस, सभेचं इतिवृत्त, गिऱ्हाईकाला पत्र, तिथे प्रमाण मराठी लागते. तपासायला सोपं आहे, तहसीलदारांना दहा ओळींचा अर्ज हाताने लिहा आणि शाळेतल्या मराठीच्या सरांना दाखवा. ‘पाणी’चं ‘पानी’ आणि ‘कोणी’चं ‘कोनी’ किती वेळा झालं ते पाहा. तिच्या अर्जात दोन ठिकाणी न-ण ची गडबड होती, बाकी पतसंस्थेत वर्षभर थकबाकीच्या नोटिसा लिहिल्या होत्या त्यामुळे भाषा एकदम ऑफिसची. हे तिनं रिझुमेत कुठेच सांगितलं नव्हतं! म्हणजे जे येत नव्हतं ते ‘फ्लुएंट’ म्हणून वर, आणि जे नोकरीवाल्याला खरंच हवं होतं ते गायब.

तर तिची ओळ आम्ही अशी केली, रिझुमे इंग्लिशमध्ये असतो म्हणून टाईप इंग्लिश अक्षरांत केली, इथे वाचायला मराठी अक्षरांत देतो. ‘मराठी – नेटिव्ह, फॉर्मल लेटर्स अँड नोटिसेस. हिंदी – फ्लुएंट स्पीकिंग अँड रीडिंग, बेसिक रायटिंग. इंग्लिश – गुड रीडिंग, सिंपल ईमेल्स, बेसिक स्पीकिंग.’ तीन ओळी झाल्या, जागा जास्त गेली, पण वाचणाऱ्याला लगेच कळते की फोनवर हिंदी-मराठी गिऱ्हाईक देता येईल आणि इंग्लिश ईमेल वाचायला देता येईल.

हिंदीपुढे फ्लुएंट कसं लिहिलं, आवाज तर चुकला होता, असं कोणी म्हणेल. फ्लुएंट म्हणजे न अडखळता, बिनचूक नव्हे. पण तेच अनुवादाचं किंवा हिंदीत मजकूर लिहायचं काम असतं तर मी तिला तो शब्द लिहू दिला नसता.

टक्के आणि स्टार मात्र कृपा करून टाकू नका. मोबाईलच्या फुकट टेम्प्लेटमध्ये इंग्लिशपुढे पाचपैकी चार चांदण्या असतात किंवा ८० टक्क्यांची निळी पट्टी. ८० टक्के कशाचे? कोणालाच माहीत नाही, आणि मोठ्या कंपनीत आधी सॉफ्टवेअर रिझुमे वाचते, त्याला अक्षरं वाचता येतात, पट्टी हे नुसतं चित्र असलं तर त्याला बहुतेक काहीच दिसत नाही. काही जण नेटवर पाहून बी-टू, सी-वन असं लिहितात. या पातळ्या युरोपातल्या मोजपट्टीच्या आहेत, ए-वन पासून सी-टू पर्यंत सहा, आणि परीक्षा देऊन मिळाली असेल तरच लिहाव्या. अंदाजानं लिहिली आणि कोणी सर्टिफिकेट मागितलं तर पंचाईत.

वेबसाईटवर प्रोफाईल भरताना थोडी अडचण येते कारण तिथे आपले शब्द चालत नाहीत, त्यांच्या यादीतूनच निवडावं लागते. Naukri वर भाषेपुढे Read, Write, Speak अशा वेगळ्या टिका असतात, ते आपल्यासाठी चांगलं आहे, येते तिथेच टिक करा, तिन्हीवर सवयीनं करू नका. LinkedIn वर मात्र एका भाषेला एकच पातळी निवडता येते, Elementary, Limited working, Professional working, Full professional आणि Native or bilingual अशा पाच. तिथे मी एक नियम धरला आहे की जे काम मागतोय त्या कामात जे कौशल्य सगळ्यात जास्त लागेल त्याची पातळी टाकायची, आणि शंका असली तर खालची. तिला इंग्लिशला Limited working टाकलं, हिंदीला Professional working.

आता जागा. आपल्याकडे रिझुमे आणि लग्नाचा बायोडाटा यात फार फरक नसतो, दुसऱ्या पानावर ‘पर्सनल डिटेल्स’ म्हणून वडिलांचं नाव, जन्मतारीख, विवाहित-अविवाहित, आणि त्याच्याच खाली भाषा. तिथपर्यंत वाचणारा पोचतच नाही. भाषा ही जन्मतारखेसारखी माहिती नाही, ती कामाची वस्तू आहे, तर ती कामाच्या वस्तूंजवळ पाहिजे. कॉम्प्युटर ऑपरेटर, अकाउंट असिस्टंट, गोडाऊन सुपरवायझर असं काम असेल तर शिक्षण आणि स्किल्सच्या खाली भाषेचं छोटं वेगळं शीर्षक पुरते. पण फोनवर बोलणं, गावोगावी फिरणं, अनुवाद, हीच नोकरी असेल तर ती वरच्या दोन ओळींच्या ओळखीतच आली पाहिजे. तिच्या रिझुमेत वर आता असं आहे की बीकॉम, पतसंस्थेत एक वर्ष, रोज मराठी आणि हिंदीत ग्राहकांशी बोलण्याचा अनुभव. आणि पतसंस्थेच्या कामाखाली थकबाकीच्या नोटिसा मराठीत लिहिल्या हे. खालच्या यादीत नुसतं ‘मराठी’ लिहिण्यापेक्षा कामाखाली आलेली ती एक ओळ जास्त पटते, कारण तिथे पुरावा आहे.

टायपिंग लोक भाषेत घालतात, ते चुकीचं आहे. मराठी टायपिंग हे वेगळं कौशल्य. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शासनमान्य संगणक टायपिंगची परीक्षा पास असाल, मराठी ३० किंवा इंग्लिश ४० शब्द मिनिटाला, तर ते सर्टिफिकेटच्या रकान्यात स्पीड आणि वर्ष टाकून लिहा. सोबत युनिकोडमध्ये येते का जुन्या फॉन्टमध्ये, तेही लिहा, कारण जुन्या फॉन्टवर शिकलेला माणूस युनिकोडच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर पहिल्या दिवशी पार हातपाय गाळून बसतो. आणि व्हॉट्सॲपवर इंग्लिश अक्षरांतून मराठी उमटवणं याला टायपिंग येते म्हणत नाहीत, हे बऱ्याच जणांना पटत नाही.

बँकेच्या भरतीचं सांगून टाकतो, कारण तिथे ही ओळ चालतच नाही. स्टेट बँकेच्या क्लर्कच्या भरतीत दहावी किंवा बारावीच्या मार्कशीटवर स्थानिक भाषा विषय म्हणून असेल तर भाषेची चाचणी द्यावी लागत नाही, नसेल तर द्यावी लागते. आपल्या मराठी शाळांतल्या पोरांचं काम मार्कशीटवरच होते, फक्त ती मार्कशीट सांभाळून ठेवा.

एक भाषा मात्र लोक लिहितच नाहीत, त्याचं मला वाईट वाटते. धारणीकडचा एक पोरगा इकडे मामाकडे राहून शिकलेला, मेळघाटात आरोग्याचं काम करणाऱ्या एका संस्थेत फिल्डवर्करसाठी अर्ज करत होता. ओळ तीच, मराठी, हिंदी, इंग्लिश. उठताना सहज म्हणाला की आई फोनवर कोरकूत बोलते. मी म्हणालो अरे मग लिहिली काहून नाही? तर म्हणे, ती काय भाषा लिहायची असते का जी, शाळेत तर नव्हती. तिथल्या कामात बाळंतिणीच्या घरी जाऊन समजावून सांगायचं असते, आणि त्या घरातली म्हातारी अनेकदा कोरकूच बोलते. त्याच्या रिझुमेत कोरकू पहिल्या ओळीत गेली, ‘स्पीकिंग अँड लिसनिंग’ एवढंच लिहून, कारण लिहिता त्याला येत नव्हतं. इंग्लिश सगळ्यात शेवटी. यवतमाळ-गडचिरोलीकडे गोंडी, कोलामी बोलणाऱ्यांना पण हेच लागू. बोलता येत नाही, नुसती समजते, तर ‘समजते’ असंच लिहा.

दारव्ह्याच्या पोरीला ती पहिली नोकरी काही मिळाली नाही, दुसरीकडे लागली, नागपुरातच, मराठी-हिंदी लाईनवर. मुलाखतीत बाईनं इंग्लिशमध्ये एकच प्रश्न विचारला आणि मग स्वतःच म्हणाली की ठीक आहे, तुम्ही बेसिक लिहिलंच आहे, आणि हिंदीवर गेली. आता सहा महिने झाले, मागच्या आठवड्यात तिचा व्हॉट्सॲप आला, "भाऊ, आता इंग्लिशमधलं बेसिक काढू का?" मी लिहिलं कालच्या दिवसाचं दोन मिनिटांचं व्हॉइस पाठव. आलं, एक मिनिट दहा सेकंदांचं, शेवटी ‘देन आय… मंग मी’ असं होऊन थांबलेलं. मी लिहिलं, अजून पन्नास सेकंद बाकी आहेत.